सांगलीची सकाळ, लॉस एंजेलिसची कालची संध्याकाळ: बैठकीची वेळ दिवसाच्या अपूर्णांकाने कशी काढायची

सांगलीच्या मार्केट यार्डातली पेढी हळदीची असो की बेदाण्याची, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकाशी व्हिडिओ कॉल ठरवायचा म्हटलं की दोन प्रश्न येतात: किती वाजता, आणि कुठल्या तारखेला? पहिल्याचं उत्तर बहुतेक जण फोनवरच्या जागतिक घड्याळात बघून बरोबर काढतात. गोंधळ होतो तो दुसऱ्यात. तिकडचा माणूस 'गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला बोलू' असं लिहितो, इकडे पेढीवर 'सकाळी सात' असं बरोबर लिहून घेतलं जातं, पण त्यापुढे वार गुरुवारच राहतो. गुरुवारी सकाळी सात वाजता इकडे सगळे तयार बसलेले असतात आणि तिकडे अजून बुधवारची संध्याकाळ असते.

ही चूक होते कारण आपण वेळ आणि तारीख वेगवेगळ्या हिशेबाने काढतो. घड्याळाचे काटे फिरवून वेळ मिळते आणि मग तारीख अंदाजाने चिकटवली जाते. स्प्रेडशीटमध्ये या दोन्ही गोष्टी मुळात एकाच संख्येत असतात. ती संख्या तोडली नाही, तर तारीख आपोआप योग्य जागी जाऊन बसते. या लेखात सांगली आणि लॉस एंजेलिस ही एकच जोडी घेऊन तो हिशेब शेवटपर्यंत करून दाखवतो. ही जोडी मुद्दाम घेतली आहे. आपल्याकडचा अर्धा तास, तिकडची उणे वेळ, तारखेची उडी आणि वर्षातून दोनदा बदलणारं तिकडचं घड्याळ, अशा सगळ्या अडचणी हिच्यात एकत्र येतात.

एक दिवस म्हणजे १

एक्सेल, गुगल शीट्स किंवा लिब्रेऑफिसमध्ये तारीख ही आतून एक पूर्णांक असते. ५ मार्च २०२६ ही तारीख शीटसाठी ४६०८६ आहे, ६ मार्च म्हणजे ४६०८७. खात्री करायची असेल तर तारखेच्या सेलचं फॉरमॅट 'नंबर' करून बघा. वेळ म्हणजे त्याच संख्येचा दशांशानंतरचा भाग, दिवसाचा किती हिस्सा सरला ते. मध्यरात्र ०, सकाळचे सहा ०.२५, दुपारचे बारा ०.५, संध्याकाळचे सहा ०.७५. संध्याकाळचे साडेपाच म्हणजे १७.५ तास भागिले २४, साधारण ०.७२९१६७.

यातून एक नियम निघतो. तास मिळवायचे किंवा वजा करायचे असतील तर आधी त्यांना २४ ने भागायचं. शीटमध्ये तारखेत नुसते ५.५ मिळवले तर साडेपाच तास नव्हे, साडेपाच दिवस पुढे जातात.

५.५ लिहा, ५.३० नको

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून धरली आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून ८२.५ भागिले १५ बरोबर ५.५. तेवढे तास आपण यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या पुढे आहोत. पण हा फरक सगळीकडे '+5:30' असा छापलेला असतो आणि शीटमध्ये भरताना हात सहज 5.30 टाइप करतो. शीटच्या लेखी ५.३० म्हणजे पाच तास आणि तासाचा तीन दशांश, म्हणजे पाच तास अठरा मिनिटं. उत्तर बारा मिनिटांनी चुकतं.

ही चूक ओळखणं सोपं आहे, कारण तिचा ठसा मिनिटांवर उमटतो. बैठक साडेपाचची आणि उत्तर ६:४८ असं विचित्र आलं, तर आधी हीच जागा तपासायची. नेपाळचा फरक पाच तास पंचेचाळीस मिनिटं आहे, तो ५.७५ लिहायचा. तिथे ५.४५ लिहिलं तर अठरा मिनिटांची चूक होते. मिनिटांना ६० ने भागून दशांश काढायचा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

शीटची मांडणी

B2 मध्ये तारीख, B3 मध्ये वेळ, B4 मध्ये ज्या गावची वेळ दिली आहे त्याचा यूटीसीपासूनचा फरक, आणि B5 मध्ये ज्या गावची वेळ हवी आहे त्याचा फरक. फरक तासांत आणि चिन्हासकट लिहायचा. लॉस एंजेलिस यूटीसीच्या मागे आहे, म्हणून हिवाळ्यात −८. सांगली ५.५. मग खाली तीन सूत्रं:

```
B6:  =B2+B3
B7:  =B6-B4/24
B8:  =ROUND((B7+B5/24)*1440,0)/1440
```

B6 मध्ये तारीख आणि वेळ एका संख्येत येतात. B7 मध्ये मूळ गावचा फरक वजा होऊन यूटीसी मिळते. B8 मध्ये त्या यूटीसीत हव्या असलेल्या गावचा फरक मिळवला आहे. ROUND कशासाठी ते पुढे सांगतो. B6, B7 आणि B8 या तिन्ही सेलना हे फॉरमॅट द्या, म्हणजे वार, तारीख आणि वेळ सोबत दिसतील:

```
ddd dd-mm-yyyy hh:mm AM/PM
```

फॉरमॅटमध्ये वार ठेवाच. तारीख एकाने चुकली तर नजरेतून निसटते, पण शुक्रवारच्या जागी गुरुवार दिसला की लगेच खटकतं.

यूटीसीमधून वळसा का घ्यायचा, दोन गावांतला फरक एकदाच काढून का ठेवायचा नाही, असं कुणीही विचारेल. कारण असं की दोन गावांतला फरक कायम राहत नाही आणि बैठकीत तिसरं गावही येऊ शकतं. प्रत्येक गावाचा यूटीसीपासूनचा फरक वेगळा लिहिला की कुठे काय बदललं ते स्पष्ट दिसतं आणि चिन्हांचा घोळ होत नाही. 'जायचं तेव्हा वजा, यायचं तेव्हा अधिक' हा क्रम कुठल्याही दोन गावांना तसाच लागू पडतो. उणे आठ वजा करताना शीट आठ तास मिळवते. तो विचार आपण करायचा नाही, चिन्ह मात्र बरोबर लिहायचं.

पहिलं उदाहरण: तारीख पुढे जाते

गिऱ्हाइकाने लिहिलं: गुरुवार, ५ मार्च २०२६, संध्याकाळी ५:३०, लॉस एंजेलिस. B4 मध्ये −८, B5 मध्ये ५.५.

B6 मध्ये ४६०८६.७२९१६७ येतं. आठ तास, म्हणजे ०.३३३३३३ मिळवल्यावर यूटीसी होते ४६०८७.०६२५, म्हणजे ६ मार्चचे मध्यरात्रीनंतरचे दीड. तारखेने इथेच उंबरठा ओलांडला. दशांश भाग एकाच्या पुढे गेला आणि तो १ पूर्णांकात जमा झाला. त्यात ५.५/२४, म्हणजे ०.२२९१६७ मिळवले की ४६०८७.२९१६६७: शुक्रवार, ६ मार्च, सकाळचे सात.

तारीख किती सरकली ते वेगळ्या सेलमध्ये दाखवा:

```
B9:  =INT(B8)-INT(B6)
```

इथे १ येतं, म्हणजे पुढचा दिवस. ० आलं तर तोच दिवस, −१ आलं तर आदला. निरोप पाठवण्याआधी ज्या सेलवर नजर टाकायचीच, तो हा. महिना किंवा वर्ष बदलत असेल तरी वेगळं काही करावं लागत नाही. ३१ डिसेंबरनंतरचा पूर्णांक म्हणजेच १ जानेवारी.

आता हेच तोंडी पडताळू. लॉस एंजेलिस हिवाळ्यात सांगलीच्या साडेतेरा तास मागे असतं, म्हणजे अर्धा दिवस आणि वर दीड तास. संध्याकाळचे साडेपाच उलटवून पहाटेचे साडेपाच करा, तारीख एकाने वाढवा, दीड तास मिळवा. सात. शीटवर कितीही विश्वास असला तरी ही तोंडी पडताळणी मी सोडत नाही. सेलमध्ये चिन्ह उलटं पडलं असेल तर ते इथेच पकडलं जातं.

दुसरं उदाहरण: तारीख मागे जाते

आता उलट दिशा. सांगलीतून सुचवायचं आहे: सोमवार, ९ मार्च २०२६, सकाळी दहा. B4 मध्ये ५.५ आणि B5 मध्ये −७ (आठचे सात का झाले ते पुढच्या भागात). B6 आहे ४६०९०.४१६६६७. त्यातून ५.५/२४ वजा केल्यावर यूटीसी ४६०९०.१८७५, म्हणजे सोमवारचे पहाटेचे साडेचार. आणखी ७/२४ वजा केल्यावर ४६०८९.८९५८३३: रविवार, ८ मार्च, रात्रीचे साडेनऊ. B9 मध्ये −१.

म्हणजे आपल्या आठवड्याची पहिली सकाळ तिकडे सुट्टीची रात्र असते. पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसाला सोमवारी सकाळची वेळ देऊच नये. आपली मंगळवार ते शनिवारची सकाळ म्हणजे त्यांची सोमवार ते शुक्रवारची संध्याकाळ. शनिवारी पेढी सुरू असणाऱ्या आपल्या लोकांना हा एक दिवस जास्तीचा मिळतो, आणि तो वापरण्यासारखा आहे.

याच उदाहरणात नुसत्या वेळेवर काम केलं असतं तर काय झालं असतं? दहा वाजताचे ०.४१६६६७ उणे साडेबारा तासांचे ०.५२०८३३, म्हणजे −०.१०४१६७. एक्सेलला उणे वेळ दाखवता येत नाही, म्हणून सेल ####### ने भरून जातो. सेल रुंद केला तरी ते जात नाही, आणि तीच खूण आहे. गुगल शीट्समध्ये मात्र वेळेचं फॉरमॅट असेल तर रात्रीचे साडेनऊ बरोबर दिसतात आणि तारीख हरवल्याचा पत्ताही लागत नाही. माझ्या मते हे जास्त धोक्याचं. एक्सेल निदान अडतं तरी.

अनेक जण ####### घालवण्यासाठी MOD लावतात:

```
=MOD(B3-12.5/24,1)
```

हे सूत्र रात्रीचे साडेनऊ बरोबर देतं, पण दिवस फेकून देतं. नुसती वेळच हवी असेल तर चालेल, बैठकीच्या निमंत्रणाला नाही. सुटलेला दिवस वेगळा मोजायचाच असेल तर INT वापरा, TRUNC नको. INT(−०.१०४) चं उत्तर −१ येतं, म्हणजे आदला दिवस, आणि ते बरोबर आहे. TRUNC तिथे ० देतं आणि रविवारचा सोमवार करून टाकतं. आणखी एक, उणे फरकासाठी TIME फंक्शनच्या वाटेला जाऊ नका. TIME(-8,0,0) ला एक्सेल #NUM! देतं, आणि TIME(30,0,0) चे मुकाट्याने सकाळचे सहा करतं, वरचा एक दिवस टाकून देऊन. −८/२४ असा साधा अपूर्णांक दोन्ही बाजूंनी सुरक्षित.

तिकडचं घड्याळ बदलतं तेव्हा

भारताचा फरक बारा महिने ५.५. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे नेतात. २०२६ मध्ये या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. मधल्या काळात लॉस एंजेलिस −७ असतं आणि आपल्यापासूनचा फरक साडेबारा तासांचा होतो.

म्हणून वरची गुरुवारची बैठक पुढच्या आठवड्यात, १२ मार्चला, त्यांच्या त्याच साडेपाचला ठरली तर B4 मध्ये −७ हवं. यूटीसी होईल १३ मार्चचे मध्यरात्रीनंतरचे साडेबारा आणि सांगलीत शुक्रवारी सकाळचे सहा वाजलेले असतील. तोंडी पडताळणीही सोपी होते: सकाळ-संध्याकाळ उलटवा, अर्धा तास मिळवा. दर आठवड्याची बैठक असेल तर तिकडच्या माणसासाठी काहीच बदललेलं नसतं. त्यामुळे 'या वेळी एक तास आधी' असं कळवण्याचं त्याला सुचणारही नाही. हे आपल्यालाच लक्षात ठेवावं लागतं.

त्यासाठी B4 हाताने भरण्यापेक्षा शीटच्या कडेला छोटा तक्ता ठेवा. E स्तंभात बदलाच्या तारखा चढत्या क्रमाने: १ जानेवारी २०२६, ८ मार्च २०२६, १ नोव्हेंबर २०२६. F स्तंभात त्यांच्यासमोर −८, −७, −८. मग B4 मध्ये:

```
=LOOKUP(B2,E2:E4,F2:F4)
```

LOOKUP दिलेल्या तारखेच्या आधीची किंवा त्याच दिवसाची सर्वांत जवळची नोंद शोधतं. तारीख लॉस एंजेलिसची असेल तेव्हा हे ठीक चालतं. बदल पहाटे दोनला होतो आणि त्या वेळी कुणी बैठक ठेवत नाही.

सांगलीची तारीख घेऊन हाच तक्ता वापरला की मात्र फसगत होते. सांगलीत रविवार ८ मार्चचे सकाळचे दहा वाजलेले असतात तेव्हा तिकडे अजून शनिवार ७ मार्चची रात्र आहे आणि घड्याळ बदललेलं नाही. सांगलीची तारीख बघून LOOKUP −७ देईल आणि उत्तर शनिवार रात्रीचे साडेनऊ येईल. खरे साडेआठ. तिकडचा बदल आपल्या घड्याळाने ८ मार्चला दुपारी साडेतीनला होतो. या दिशेसाठी दुसरा तक्ता ठेवा, त्यात बदलाचा क्षण यूटीसीमध्ये लिहा (८ मार्च सकाळी १०:०० आणि १ नोव्हेंबर सकाळी ९:००) आणि B5 मध्ये LOOKUP लिहून B2 ऐवजी B7 वरून शोधा. फरक फक्त त्या रविवारपुरता पडतो, पण सौद्यांच्या हंगामात रविवारीही फोन होतातच.

युरोपातला माणूस बैठकीत आला तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतो, २०२६ मध्ये २९ मार्चला. म्हणजे ८ ते २९ मार्च या तीन आठवड्यांत अमेरिका बदललेली आणि रॉटरडॅम अजून जुन्याच वेळेवर, +१ वर. गुरुवार १२ मार्चची रात्री साडेनऊची वेळ सांगलीतून दिली तर यूटीसी दुपारचे चार, रॉटरडॅम संध्याकाळचे पाच, लॉस एंजेलिस सकाळचे नऊ. तिघांनाही जमणारी आणि तिन्हीकडे एकाच तारखेला येणारी वेळ. एक आठवडा आधी तिकडे सकाळचे आठच वाजले असते, आणि एप्रिलमध्ये रॉटरडॅमला सहा वाजतील. शीटमध्ये B7 आधीपासून असल्यामुळे तिसऱ्या गावासाठी B8 चं सूत्र नव्या फरकासह शेजारी लिहायचं, एवढंच काम राहतं.

मध्यरात्र आणि ROUND

एक तास म्हणजे दिवसाचा १/२४, आणि हा अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमका मावत नाही. काही वेळा बेरीज-वजाबाकीनंतर ४६०८७ च्या जागी ४६०८६.९९९९९९९९९९ सारखी संख्या आत राहते. इतर कुठल्याही वेळी याने काही बिघडत नाही, पण उत्तर नेमकं मध्यरात्रीवर आलं तर बिघडतं. सेलमध्ये पुढच्या दिवसाचे बारा दिसतात आणि INT मात्र आदला दिवस मोजतं, त्यामुळे B9 एकाने चुकतं. दिवसाची मिनिटं १४४०. संख्येला १४४० ने गुणून, पूर्णांकात आणून, पुन्हा भागलं की हा कचरा निघून जातो. B8 मध्ये ROUND आहे तो याचसाठी. दोन वेळा सारख्या दिसत असूनही शीट त्यांना वेगळ्या म्हणत असेल, तर कारण हेच असतं.

मध्यरात्रीची बैठक निमंत्रणात लिहितानाही जपा. 'शुक्रवार, रात्रीचे बारा' म्हटलं तर शुक्रवार सुरू होतानाचे की संपतानाचे, हे माणसागणिक बदलतं. पाच मिनिटं मागे-पुढे करून ११:५५ किंवा १२:०५ लिहा.

तारीख खरोखर तारीख आहे का

शीटचं स्थानिक सेटिंग अमेरिकेचं असेल तर 5/3/2026 टाइप केल्यावर ३ मे नोंदली जाते. बारा तारखेपर्यंत दिवस-महिना गुपचूप उलटतात. तेरापासून पुढे 13/3/2026 ला तेरावा महिनाच नसल्याने शीट ते नुसती अक्षरं म्हणून ठेवते आणि ती सेलच्या डाव्या कडेला चिकटतात. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात बिनतक्रार चालणारी शीट पुढे #VALUE! देऊ लागली, तर सूत्रं खोदत बसू नका. सेटिंग भारताचं करा, तारखा पुन्हा टाइप करा आणि

```
=ISNUMBER(B2)
```

TRUE देतं का ते बघा. तारीख उलटली असेल तर घड्याळबदलाचा तक्ताही चुकीची ओळ उचलतो, म्हणून एक तासाची चूक सापडत नसेल तेव्हाही इथे डोकवायचं.

बारा-बारा तासांची नेमकी चूक दिसली तर कारण वेगळं असतं: B3 मध्ये 5:30 टाइप झालं आणि PM राहून गेलं. शीट त्याला पहाट समजते, उत्तर आदल्या संध्याकाळचे सात येतं आणि B9 मध्ये १ ऐवजी ० दिसतं. वेळ 17:30 अशी टाइप करण्याची सवय लावली की हा प्रश्न उरत नाही.

उत्तर पाठवताना दोन्ही गावांची वेळ वार-तारखेसह लिहा आणि यूटीसीपासूनचा फरकही द्या, म्हणजे समोरच्याला स्वतः पडताळता येतं:

```
Thu 12-03-2026 05:30 PM Los Angeles (UTC-7)
Fri 13-03-2026 06:00 AM Sangli (UTC+5:30)
```

माणसांसाठीच्या या ओळीत +5:30 असंच लिहायचं. ५.५ फक्त सेलमध्ये.